नव्व्याण्णव टक्क्यांची तळटीप

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे तळटीपबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे तळटीपबाई. त्यांनाही ते माहीत होतं आणि आतून आवडतही असावं, कारण कोणी चुकून समोर म्हणून गेलं तर त्या चष्म्यावरून बघायच्या, पण रागवायच्या नाहीत.

ऑफिस शहराच्या सांख्यिकी विभागाचं. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, त्यांतल्या एकीत नुसती कपाटं. माझं काम आकडे मशीनमध्ये भरायचं आणि तक्ते छापून काढायचं. बाईंचं काम ते तपासायचं. तक्ता हातात आला की आधी त्या त्याचा तळ बघायच्या. वरचे आकडे मागाहून. "वर काय लिहिलंय ते सगळेच वाचतात गं," त्या म्हणायच्या, "खरं काय आहे ते खाली असतं." मग लाल पेन घेऊन बारीक अक्षरात टिपा घालायच्या: अमुक वॉर्डाची माहिती मिळाली नाही, तमुक आकडा हंगामी आहे. एकोणीस वर्षं त्या हेच करत होत्या, आणि इतक्या मन लावून की त्यांच्या टिपांना कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

घरीही स्वभाव तोच. यजमान शाळेची बस चालवत. संध्याकाळी फोनवर "दहा मिनिटांत पोचतो" म्हणाले की बाई विचारायच्या, "दहा म्हणजे साडेनऊ ते साडेदहा, की तुमचे नेहमीचे दहा?" पलीकडून हसू ऐकू यायचं. नेहमीचे दहा म्हणजे पंचवीस, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

त्या वर्षी आम्ही म्हाताऱ्या माणसांची पाहणी केली. पासष्टीच्या पुढची पाचशे माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादीतून निवडली आणि प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारलं, तुम्ही कोणाबरोबर राहता? उत्तरांचा तक्ता मीच काढला. मुला-सुनांकडे किंवा लेकीकडे ४६ टक्के. नवरा-बायको दोघंच २७. एकटे १४. इतर नातेवाइकांकडे ९. आणि 'इतर', म्हणजे आश्रमात, मित्राकडे, कुठे कुठे, ते ३. खाली एकूण १००. त्याच्याखाली बाईंची टीप, एकोणीस वर्षांत एक अक्षर न बदललेली: 'पूर्णांकात रूपांतर केल्यामुळे बेरीज जुळेलच असे नाही.'

पुस्तिका छापण्याआधी तक्ते वॉर्ड ऑफिसांच्या फलकांवर लावायची आमची पद्धत होती. कोणाची हरकत असेल तर कळवा, असं खाली लिहिलेलं असे. इतक्या वर्षांत एकही हरकत आली नव्हती. फलकावरचं कोण वाचतं?

पण त्या वर्षी एक पत्र आलं. रेघी वहीचा कागद, निळी शाई, सुबक अक्षर.

'मी निवृत्त शिंपी आहे. वय शहाहत्तर. तुमच्या तक्त्यातले आकडे मी तीन वेळा मिळवले. बेरीज नव्व्याण्णव येते, तुम्ही खाली शंभर लिहिले आहे. एक टक्का माणसे कुठे गेली? मी एकटा राहतो. तुमची मुलगी माझ्या दारात उभी राहून माझी माहिती लिहून घेऊन गेली, मी तिला पाणीही दिले. मला वगळले असल्यास तसे कळवावे.'

साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. साहेब आमच्याकडे नवीन होते, पाणीपुरवठ्यातून बदलून आलेले. माणूस चांगला, पण तक्रारीला घाबरणारा. तिकडे तक्रार आली की पाइप फुटलेला असायचा, ती सवय.

त्यांनी मला आत बोलावलं. "बेरीज चुकली कशी?"

"चुकली नाही साहेब, ते राउंड केल्यामुळे—"

"ते मला नका सांगू. लोकांना शंभर दिसलं पाहिजे. एक टक्का कुठेतरी घाला. 'इतर'मध्ये घाला, तिथे कोण बघतंय!"

मी घातला. खोटं कशाला सांगू, मला त्यात फारसं काही वाटलंही नाही. तीनाचे चार केले, बेरीज शंभर झाली, तक्ता कसा नीटनेटका दिसायला लागला. कागद बाईंच्या टेबलावर ठेवला आणि माझ्या जागेवर येऊन बसले.

पाच मिनिटांनी हाक आली. "अगं, इकडे ये. हे चार कुठून आले?"

मी सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पाचशेचे चार टक्के किती?"

"वीस."

"आणि 'इतर'मध्ये माणसं किती आहेत आपल्याकडे?"

"चौदा."

"मग ही वरची सहा माणसं कोण? कुठे राहतात? कोणी त्यांच्या घरी जाऊन आलंय?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण माझे कान तापले. "घरबसल्या सहा म्हातारी माणसं जन्माला घातलीस तू."

त्या तक्ता घेऊन तडक साहेबांकडे गेल्या, आणि मी मागोमाग.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि खरं तर चांगला मुद्दा काढला. "बाई, तीन टक्के म्हणजे पंधरा होतात. तुमच्याकडे चौदाच आहेत. म्हणजे तुम्हीही एक वाढवलाच की!"

"वाढवला नाही साहेब. चौदा म्हणजे दोन पूर्णांक आठ टक्के. त्याच्या सगळ्यात जवळचा पूर्ण आकडा तीन. आम्ही जवळचा घेतो, सगळीकडे तोच नियम. चार हा जवळचा नाही, तो मनाचा आहे."

"बरं, मग मोठ्या आकड्यात घाला. शेहेचाळीसचे सत्तेचाळीस करा. तिथे एकाने काय फरक पडतो?"

"तिथे शेहेचाळीस पूर्णांक चार आहेत. जवळचे शेहेचाळीसच. काही जण बेरीज बसवण्यासाठी एखादा आकडा हलवतात. पण मग आम्ही हलवला, असं खाली लिहावं लागतं. ते लिहिणार का आपण?"

साहेबांनी तक्ता जवळ ओढला. मग म्हणाले, "दशांश द्या ना! शेहेचाळीस पूर्णांक चार, अमुक पूर्णांक दोन. मग तर जुळेल?"

"या तक्त्यात जुळेल. बारा नंबरच्या तक्त्यात तिघांचे सारखे वाटे आहेत, तिथे तेहेतीस पूर्णांक तीन तीनदा येतात, म्हणजे नव्व्याण्णव पूर्णांक नऊ. तिथे काय करायचं? आणि दुसरं म्हणजे, शहरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना आपण विचारलेलं नाही, पाचशेंना विचारलंय. दुसरे पाचशे निवडले असते तर आकडा दोनतीन टक्के सहज इकडेतिकडे झाला असता. त्यावर दशांश लावणं म्हणजे डोळ्यांनी अंदाज करून वर मिलिमीटर सांगणं."

"मग मी या शिंप्याला काय उत्तर देऊ?"

"टीप आहेच की खाली," बाई म्हणाल्या. जरा ताठ्यानेच म्हणाल्या. "त्यांना टीप वाचायला सांगा."

माझे चार पुन्हा तीन झाले, आणि टीप वाचावी असं उत्तर गेलं. पुढच्याच सोमवारी शिंपीकाका स्वतः दारात हजर. बारीक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. दोन जिने चढल्यामुळे धाप लागलेली. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, मी पाणी आणलं.

"तुम्ही लिहिलेली टीप वाचली मी," ते म्हणाले. "आधीही वाचली होती. 'बेरीज जुळेलच असे नाही.' म्हणजे तुम्हालाच खात्री नाही! मी गिऱ्हाइकाला असं सांगितलं असतं, की बाही लांबीला पुरेलच असे नाही, तर त्याने कापड परत नेलं असतं."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. बाईंकडे बघितलं तर त्यांचा चेहरा पडला होता. एकोणीस वर्षं ज्या वाक्यावर त्या इतक्या विसंबल्या होत्या, ते वाचणारा पहिला माणूस समोर बसला होता, आणि त्याला ते कळलेलं नव्हतं.

"काका, तुम्हाला वगळलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"मग माझा कागद दाखवा."

"तो दाखवता येत नाही. सगळे कागद बंद असतात, त्यावर नावंही ठेवत नाही आम्ही. तुम्ही काय सांगितलंत ते दुसऱ्या कोणाला कळू नये म्हणून."

"हे बरं आहे." काका खिन्न हसले. "म्हणजे मी आहे असं तुम्ही म्हणायचं आणि मी मानायचं. ताई, बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा लांब आहे, फोन करतो, तक्रार नाही. पण रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, एकट्या माणसाला कोणी हिशेबात धरत नाही. फलकावर ते चौदा वाचलं तेव्हा बरं वाटलं. म्हटलं, चला, आपण कुठेतरी आलो. मग बेरीज केली आणि एक कमी निघाला. आता जो कमी पडतो तो आपल्यासारखाच असणार, नाही का?"

बाई उठल्या, कपाटातून बेरजेच्या जुन्या यंत्राची कागदी गुंडाळी काढली आणि टेबलावर ठेवली.

"काका, टेप आहे का तुमच्याकडे?"

"शिंप्याला विचारता?" त्यांनी शर्टाच्या खिशातून पिवळी टेप काढली.

"हा कागद बरोबर एक मीटर मापून द्या. शंभर सेंटिमीटर."

काकांचे हात एकदम वेगळेच झाले. मघाशी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी सांभाळून धरला होता, आता कागदावरून टेप सरसर गेली, नखाने खूण पडली, माझ्या कात्रीने कागद सरळ कापला गेला. कात्री बोथट आहे हेही त्यांनी सांगितलं.

"हा कागद म्हणजे पाचशे माणसं," बाई म्हणाल्या. "एक सेंटिमीटर म्हणजे एक टक्का, म्हणजे पाच माणसं. आता मी सांगते तसे तुकडे करा. मुलांकडे राहतात ती दोनशे बत्तीस माणसं, म्हणून शेहेचाळीस सेंटिमीटर आणि चार मिलिमीटर. दोघंच राहतात ती एकशे छत्तीस, सत्तावीस आणि दोन. एकटे, एकाहत्तर माणसं, चौदा आणि दोन."

"यात मी," काका म्हणाले.

"यात तुम्ही. नातेवाइकांकडे सत्तेचाळीस, नऊ आणि चार. उरला तो तुकडा चौदा जणांचा. मापा बरं."

काकांनी मापला. "दोन सेंटिमीटर आठ मिलिमीटर. कापणी बरोबर झालीय."

"आता समजा तुमच्या वहीत मिलिमीटर लिहायचेच नाहीत. नुसते पूर्ण सेंटिमीटर, जो जवळचा असेल तो. लिहा."

त्यांनी माझ्या पॅडवर एकाखाली एक लिहिलं. शेहेचाळीस. सत्तावीस. चौदा. नऊ. शेवटच्या तुकड्यापाशी थांबले. "दोन-आठ. जवळचे तीन." तीन लिहिले. खाली रेघ ओढली आणि मनात मिळवलं. ओठ हलत होते. नव्व्याण्णव लिहिलं आणि ते थांबले.

मग त्यांनी पाचही तुकडे टेबलावर टोकाला टोक लावून मांडले, शेजारी टेप ठेवली. बरोबर शंभर.

"कापड गेलं कुठेच नाही," ते हळू म्हणाले. "वहीत लिहिताना गेलं." मग बोटावर मोजायला लागले. "इथे चार मिलिमीटर सोडले, इथे दोन, इथे दोन, इथे चार. बारा सोडले. शेवटच्याला दोन जास्त दिले. बारातून दोन गेले, दहा. दहा मिलिमीटर म्हणजे एक सेंटिमीटर." त्यांनी मान वर केली. "हाच का तुमचा एक टक्का?"

"हाच."

"म्हणजे तो कोणा एकाचा नाहीच. सगळ्यांच्या कडेकडेने थोडाथोडा सुटलेला."

"आणि आकडे वेगळे असते तर उलटही झालं असतं," बाई म्हणाल्या. "सगळेच वरच्या बाजूला गेले असते तर एकशे एक दिसले असते. तेव्हाही कोणी जास्तीचा आलेला नसता."

"मग हे असं लिहा ना ताई! 'जुळेलच असे नाही' काय? तुम्ही म्हणजे खोड्या केल्यासारखं लिहिता. माणसाला वाटतं काहीतरी दडवताहेत."

बाईंनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. ऑफिसात दुसऱ्या कोणी असं बोललं असतं तर दिवसभर त्या त्याच्याशी बोलल्या नसत्या. त्यांनी लाल पेन काढलं, तक्ता पुढे ओढला आणि स्वतःच्या टिपेवर स्वतःच आडवी रेघ मारली.

नवी टीप लिहायला आम्हा तिघांना तासभर लागला. बाई वाक्य लिहायच्या, काका ऐकायचे, मान हलवायचे किंवा हलवायचे नाहीत. शेवटी ठरलं ते असं:

'प्रत्येक टक्का जवळच्या पूर्ण आकड्यात दिला आहे. त्यामुळे छापलेल्या टक्क्यांची बेरीज कधी ९९, कधी १०१ येऊ शकते. या तक्त्यात ती ९९ येते. मूळ मोजणीत सर्व ५०० व्यक्ती आहेत. कोणीही वगळलेले नाही.'

आणि टक्क्यांच्या शेजारी माणसांच्या संख्येचा एक रकाना घातला, दोनशे बत्तीसपासून चौदापर्यंत, खाली पाचशे. ज्याला मिळवून बघायचं त्याने तो मिळवावा.

काका गेल्यावर साहेबांनी टीप वाचली. रकाना त्यांना पसंत पडला. पण शेवटच्या तीन शब्दांवर त्यांचं बोट थांबलं. "हे 'कोणीही वगळलेले नाही' काढा बाई. हे काय ऑफिसचं वाक्य आहे? पाचशे आहेत म्हटलं की झालं."

"साहेब, ते ज्याच्यासाठी लिहिलंय त्याला तेवढंच हवं होतं."

"एका माणसासाठी?"

"एकाहत्तर जणांसाठी समजा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "माझी आईही एकटीच असते. तुमच्या पाचशेंत नाही ती, तिकडे गावी आहे." आणि तक्त्यावर सही केली. त्यांच्या तोंडून घरचं असं काही मी पहिल्यांदाच ऐकलं.

बाहेर आल्यावर बाईंनी मला जुने तक्ते काढायला सांगितले. एकोणीस वर्षांचे. जिथे जिथे ती जुनी टीप होती तिथे तिथे त्या बोट ठेवून मोजत होत्या. एकशे सदतीस ठिकाणी निघाली. "एकशे सदतीस वेळा मी लिहिलं," त्या म्हणाल्या, "आणि एकाही माणसाने मला विचारलं नाही की याचा अर्थ काय. मला वाटलं, सगळ्यांना कळतंय." त्या रडल्या वगैरे नाहीत. पण त्या दिवशी यजमानांचा फोन आला तेव्हा त्यांनी त्यांना दहा म्हणजे किती ते विचारलं नाही.

पुस्तिका छापून आली. आम्ही एक प्रत काकांच्या पत्त्यावर पाठवली, बाईंनी वर स्वतःच्या हाताने पत्ता लिहिला. आठवड्याने पुन्हा रेघी कागद, निळी शाई.

'पुस्तिका मिळाली. टीप उत्तम. पान सतरावर मात्र जोडीदार वारलेल्या पुरुषांचे प्रमाण अडतीस टक्के आणि स्त्रियांचे चौदा टक्के दिले आहे. आमच्या गल्लीत मी मोजले, विधवा अकरा आणि विधुर मी धरून तीन. मथळे उलटे तर पडले नाहीत ना?'

बाईंनी पान सतरा उघडलं, मी मशीनवर मूळ आकडे काढले. उलटेच पडले होते. चूक माझी, रकाने मी फिरवले होते. आणि तपासताना बाईंनी तळाची टीप बघितली होती, वरचे मथळे नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, मग त्याच आधी हसायला लागल्या, इतक्या की शेजारच्या खोलीतून माणसं डोकावली.

"हा माणूस नोकरीला ठेवायला हवा," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

साहेब पुन्हा घाबरले, पण या वेळी चूक खरीच होती, त्यामुळे काम सोपं होतं. शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापायच्या आणि ऑफिसात पडलेल्या तीनशे प्रतींत चिकटवायच्या. बाहेर गेलेल्या प्रतींमागे टपालाने चिठ्ठ्या पाठवायच्या. शनिवारी दुपारी आम्ही दोघी खळ घेऊन बसलो. बाईंचे यजमान बस उभी करून वर आले, बाह्या सरसावल्या आणि चिठ्ठ्या दुमडून द्यायला लागले. ते सांगितल्यापेक्षा चाळीस मिनिटं उशिरा आले होते, पण कोणी काही म्हणालं नाही.

चिठ्ठ्या छापायला टाकण्याआधी मात्र बाईंनी एक केलं होतं. काकांना फोन लावून मजकूर वाचून दाखवला: 'पान १७ वरील सदर तक्त्यात पुरुष व स्त्रिया हे मथळे चुकून उलटे छापले गेले आहेत. स्त्रिया ३८ टक्के, पुरुष १४ टक्के असे वाचावे.'

पलीकडे काकांनी ते स्वतःशी पुन्हा म्हणून बघितलं.

"कळलं," काका म्हणाले. "पण ते 'सदर' कशाला?"

बाईंनी पेन उचललं आणि 'सदर' खोडलं.